टोकं फुटलेल्या केसांचा फोटो

सन १९३८, माघ महिना, मंगळवार. भोरात आमच्या फोटोच्या दुकानात हजर: मी, आमचे हे, लग्नाची मुलगी, तिची आई, तिची मामी आणि मुलाकडची आत्या. मुलगी विंझरकडची, मुलगा पुण्यात नोकरीला. नावं लिहीत नाही, कारण सगळे अजून बाजाराला येतात आणि भेटले की बोलतात.

दुकान यांचं, पण बायकांचे फोटो असले की पदर, कुंकू, केस हे सगळं माझ्याकडे. परपुरुषानं मुलीच्या वेणीला हात लावायचा नाही. मुलाकडच्यांनी केस मोकळे सोडलेला फोटो मागितला होता, लांबी दिसावी म्हणून. तो आम्ही पंधरवड्यापूर्वी काढून दिला होता. त्या दिवशी केस हातात घेतले तेव्हाच खरखरीत लागले. मी मामींना विचारलं, "कशानं धुतले?" त्या म्हणाल्या, "शिकेकाईनं. दुसरं काय असतंय आमच्यात?" थोडं तेल लावू का म्हटलं, तर म्हणाल्या, "नगं, तेलानं केस चापून बसत्यात." यांनीही मुलीला खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे केसांच्या कडेला उजेड येतो आणि फोटो उठून दिसतो. उठून दिसला खराच. डोक्याभोवती उभा राहिलेला एकेक केस पांढऱ्या तारेसारखा चमकला, आणि कमरेखालची टोकं जुन्या केरसुणीसारखी आली. केसांवर कुठे लकाकीची रेघ म्हणून नाही. यांच्या कॅमेऱ्यातली काच इतकी बारीक टिपते की फुटलेल्या टोकांचे दोन-दोन फाटे मोजता यावेत.

तेच फाटे आत्याबाईंनी मोजले होते. आल्या त्या फोटो कमरेला खोचून, आणि मुलीकडच्यांनाही त्यांनीच बोलावून घेतलं होतं. बसायच्या आधीच टेबलावरचं भिंग उचलून म्हणाल्या, "खरं सांगा फोटूवाली बाई, ह्या पोरीला काय आजार हाय? मुदतीचा ताप येऊन गेला का?"

मुलीची आई कळवळली. "न्हाई वो! ताप कसला न् काय कसला. दिवसभर शेतात राबती माजी पोर."

"मग केस आसं का? आमच्या शेजारनीची सून ताप येऊन उठली, तवा आसंच डोसकं झालं हुतं. आमाला लपवून पोरगी द्यायची न्हाई हां. माजा भाऊ ह्या फोटूवर न्हाई म्हनून बसलाय."

म्हणजे एका फोटोतल्या वीतभर केसांवरून मुलीचं लग्न मोडत होतं. मला राग आला तो कोणाचा, हे सांगणं कठीण. सगळ्यांचाच आला.

मी मुलीला उजेडात बसवलं आणि वेणी सोडली. मुळापासून कमरेपर्यंत केस बरे होते; खालची वीतभरच पिंगट, रुक्ष, फाटे फुटलेली. एक बट धरून हलकेच ओढली. हातात काही आलं नाही. मग कंगवा फिरवला. कंगव्यात आलं ते आत्यांच्या तळहातावर ठेवलं.

"बघा. तापानं केस जातो तो मुळासकट जातो. लांबच्या लांब केस आणि एका टोकाला पांढरा बारीक दाणा. यात दाणा दिसतो का कुठं?"

"न्हाई. तुकडं हायत निस्तं."

"तुकडे म्हणजे केस मधेच मोडलाय. याचा आजाराशी संबंध नाही. याला कुणीतरी हातानं बिघडवलंय." मी मामींकडे पाहिलं. मामी भिंतीवरच्या पडद्यावरचा रंगवलेला तलाव बघत होत्या.

"आनी हे डोक्याभवती उडत्यात ते?" आत्यांनी विचारलं.

"त्यातले काही नवे उगवलेले, काही मोडलेले. नव्याचं टोक निमुळतं असतं, मोडक्याचं बोथट. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. नुसत्या फोटोवरून कुणाला सांगता यायचं नाही."

आमचे हे मधेच म्हणाले, "एवढं कशाला? निगेटिव्हच्या काचेवर पेन्सिल आणि चाकू फिरवतो, उडालेले केस घालवून देतो."

"म्हंजे उद्या रोग बी चाकूनंच खरवडाल व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. हे आत निघून गेले. बरं झालं.

मग मुलगीच बोलली, खाली मान घालून. "मामीनं धुन्याच्या सोड्यानं धुतलं. तीनदा. आन वल्लंच हुतं तवा उवांच्या फनीनं इंचरलं. शेगडीवर धरलं वाळाया."

"ये भवाने!" मामी उसळल्या. "तुज्याचसाठी केलं न्हवं? सोड्यानं केस फुलत्यात, फोटूत दाट दिसत्यात!"

"मामी," मी म्हटलं, "सोड्यानं केसातलं तेल जातं, वरचं साल उचकटतं. त्यात ओला केस फणीनं ओढला की तुटतो. त्यावर निखारे. फुलले नाहीत ते, फाटले."

"मग चांगलं पावशेर खोबरेल घालते."

"तेलानं ते बसतील. फाटलेलं सांधणार नाही. टोकं कापली नाहीत तर चीर वर चढेल."

हे ऐकल्यावर मुलीच्या आईनं दोन्ही हातांनी केस पोटाशी धरले. "लगनाच्या पोरीच्या केसाला कातर? इपरीत बोलू नगा बाई."

आत्याबाई म्हणाल्या, कापाच. आई म्हणाली, मग तुमी कापा, तुमच्या घरात यायची हाय. आत्यांनी हात मागे घेतले. माज्या हातनं न्हाई. मामी म्हणाल्या, फोटूवाल्या बाईनं कापावं. आई म्हणाली, परक्याच्या हातनं तर मुळीच न्हाई. कात्री टेबलावर, दुपार चाललेली, नासरापूरची मोटार सुटायला आलेली. शेवटी मुलीनंच कात्री उचलली, केस पुढे घेतले आणि चांगली वीतभर टोकं कापून टाकली. आईनं डोळे मिटले होते. आत्याबाई तेवढ्या हसल्या: "धीट हाय की गं!"

त्या म्हणाल्या, "माजी शंका फिटली. पर भावाला दुसरा फोटू दावल्याबिगर पटायचं न्हाई." उजेड उतरला होता. मी बजावून सांगितलं: पुढच्या मंगळवारी, सकाळी, शिकेकाईनं धुऊन, सावलीत वाळवून या.

पुढच्या मंगळवारी मुलगी आली ती तेल कपाळावर ओघळत असलेली. मामींनी खरंच पावशेर घातलं होतं. मी कपाळाला हात लावला. परसात पाणी तापवलं, रिठे कुटले, दोनदा धुतलं. केस वाळेपर्यंत सूर्य कलला. तेवढ्यात आत्याबाई भावालाच, म्हणजे मुलाच्या वडिलांनाच, घेऊन आल्या. मुलगी परसात पाठमोरी, केस मोकळे. आत्यांनी बोटं घातली, मुळापासून टोकापर्यंत एकदाही न अडकता आली. त्या भावाला म्हणाल्या, "आता फोटू कशाला? हात लावून बघितलं म्या." भावानं लांबूनच पाहिलं आणि सुपारीचा दिवस विचारला.

आई रडली, मामी म्हणाल्या की हे तेलाचं काम, आणि सगळे मोटार गाठायला धावले. आमचे हे कॅमेऱ्यात काच भरून तयार उभे. पहिला फोटो आत्याबाईंनी परत नेला होता, तो अजून मुलाच्या वडिलांकडेच आहे, आणि म्हणे भिंतीवर लावलाय. तो परत आणून त्या जागी नवा द्यायचा आहे. नवा अजून काढलेला नाही.