आतेचे चौतीस व्हिडिओ

चॅनल साफ करायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं ते खारघरच्या एका बाईने. मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठरवायला आमच्या पनवेलच्या ऑफिसात आली होती. सोफ्यावर बसून फोनवर आमचं चॅनल अंगठ्याने वर ढकलत राहिली, ढकलत राहिली, आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाली, "छान आहे हो, पण तुम्ही जास्त करून गावच्या हळदीच करता वाटतं?" गेली ती गेलीच. मला इतका राग आला की चहाचे कप मी स्वतः आपटत धुतले.

राग तिचा नव्हता. ती बोलली ते खरं होतं. वर आमच्या तीन नव्या फिल्म, मऊ रंग, स्लो मोशन, समुद्राकाठचा मंडप. त्यांच्या खाली माझी कॉलेजची वर्षं: हलणाऱ्या फोनवर काढलेल्या हळदी, डीजेसमोर घामाघूम नाचणारे मामा, जेवणाच्या पंगती, एक बोकड. आणि त्या सगळ्यांत मधूनमधून आमची आते. मांडवात पाटावर बसलेली, मागे कुणाचा तरी टॉवेल वाळत टाकलेला.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात मांडवातला पहिला मान तिचा. ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते आणि घरच्या, गावच्या, वेशीवरच्या एकेका देवाला नाव घेऊन लग्नाला बोलावते. कागदावर एक ओळ नाही, सगळं तिच्या सासूकडून कानाने घेतलेलं. उरण-पनवेलच्या पाच-सहा गावांत तिच्याशिवाय मांडव उभा राहत नसे. मी फोन हातात घेतला तेव्हा पहिल्यांदा तिचंच गाणं काढलं, कारण ती कुणी कॅमेरा धरला म्हणून लाजत नसे. असे चौतीस व्हिडिओ झाले होते.

ऑफिसात आम्ही दोघीच. मी शूट करते, माझी भागीदार एडिट करते. तिने रीतसर एक शीट बनवली. प्रत्येक व्हिडिओपुढे किती जणांनी बघितला, सरासरी किती वेळ बघितला, थंबनेल आपल्या रंगात बसतं का, आणि शेवटचा रकाना: ठेवायचा, लपवायचा, उडवायचा. आठवडाभर दुपारी जेवण झालं की आम्ही तेच करायचो. बोकड पहिल्याच दिवशी उडाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आतेच्या व्हिडिओंचे आलेख वाईट होते. पहिल्या अर्ध्या मिनिटात लोक पळून जायचे, रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली. जे थांबायचे ते मात्र शेवटपर्यंत थांबायचे. कॉमेंट बायकांच्या. लग्न होऊन गुजरातेत गेलेली कुणी लिहायची, आईची आठवण आली. कुणी लिहायची, दुसरं कडवं हळू म्हणा ना आते, मी शिकतेय. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

"हे प्रायव्हेट करू," भागीदार म्हणाली. "कुणाला दिसणार नाहीत, पण कॉमेंटसकट राहतील. उद्या वाटलं तर परत उघडता येतात. नाहीतर अनलिस्टेड कर. चॅनलवर दिसत नाहीत, पण लिंक असेल त्याला बघता येतात. आतेला लिंक पाठवून दे."

किती साधं होतं. पण मला ते नको होतं. खरं सांगायचं तर मला त्या व्हिडिओंचा नाही, आतेचा राग होता. नातेवाइकांत माझी ओळख करून देताना ती म्हणायची, "ही आमची बाय, माजे व्हिडिओ काडते." इतक्या वर्षांत मी दीड लाखाचा कॅमेरा घेतला, दोन माणसं हाताखाली धरून कोकणभर शूट केले, आणि मी कोण? तर तिचे व्हिडिओ काढणारी. चारचौघांत हे ऐकलं की माझं टाळकं फिरायचं.

मी म्हणाले, "घाण ठेवून काय करायचीय? झाकून ठेवली तरी घाणच."

"निदान डाउनलोड तरी करून ठेव. ओरिजिनल आहेत का तुझ्याकडे?"

नव्हते. तो जुना फोन केव्हाच गेला होता. मी "बघते" म्हणाले आणि डाउनलोड फक्त एक केला. त्यात आते मध्येच अडकली होती. देवांची नावं घेता घेता एका ठिकाणी तिला पुढचं सुचेना. ती थांबली, कॅमेऱ्याकडे बघून लहान पोरीसारखी जीभ बाहेर काढली, कपाळावर हात मारला, हसली, आणि मागे जाऊन ओळ पुन्हा धरली. सगळ्या चौतिसांत तेवढ्याच जागी आलेखाची रेघ वर गेलेली. लोक मागे जाऊन जाऊन ते बघत होते. मी जीभ आणि कपाळावरचा हात एवढंच कापलं, ओळ पुन्हा धरते ते टाकून दिलं, आणि वीस सेकंदांचा शॉर्ट करून आमच्या नव्या रंगाच्या पट्टीत बसवला.

मग चौतिसांवर एकेक टिक केली. कायमचं डिलीट करा. ते विचारतात, परत मिळणार नाही हे समजलंय का, त्या चौकटीतही टिक करावी लागते, त्याशिवाय बटण उघडत नाही. मी केली. भागीदार शेजारून बघत होती. तिने शीटमध्ये रंग भरला आणि पिशवी उचलून घरी गेली.

शॉर्ट तुफान चालला. लोकांनी तो घेऊन आपापले गमतीचे व्हिडिओ केले, नापास झालेली पोरं, पासवर्ड विसरलेले नवरे. तिला नावच पडलं, जीभवाली आते. त्याच्यावरून लोक चॅनलवर आले, त्यांना आमच्या फिल्म दिसल्या, आणि चॅनल कसं अगदी एका हातचं दिसायला लागलं. मी खूश होते. खोटं कशाला बोलू, मी फार खूश होते.

पंधरा दिवसांनी आते ऑफिसात आली. एसटीने, एकटी, हातात करंदीच्या सुकटीची पिशवी. खुर्चीच्या कडेला बसली.

"बाय, माजी गाणी दिसत नाय. सुनंनी सगलीकडं शोदलं."

तिची धाकटी सून शिकत होती. आतेला गाताना दम लागायचा, म्हणून ती म्हणायची, आमी गेल्यावर हिनं बसावं पाटावर. दिवसभर घरची कामं आटपली की सून फोन भिंतीला टेकवून व्हिडिओ लावायची, आणि आते बाजूला बसून फक्त चुका काढायची. हे मला माहीत होतं. तिनेच मागे दहा वेळा कौतुकाने सांगितलं होतं.

"आते, ते कंपनीने काढले," मी म्हणाले. "त्यांचे नियम बदलले. आपल्या हातात नसतं."

भागीदार समोरच बसली होती. तिने स्क्रीनवरून मान वर केली नाही.

"आमी काय वाईट गायलं काय?"

"तसं नाही गं. क्वालिटी कमी होती."

आतेने पिशवीचा बंद सोडला, परत बांधला. मग म्हणाली, "मंग ती एकच कशी ठेवली कंपनीनं? मी चुकली ती?"

मी म्हणाले, "तुला चहा सांगू?" ती नको म्हणाली. सुकट टेबलावर ठेवली आणि तीनच्या गाडीने परत गेली. खोलीभर वास सुटला म्हणून मी चिडून खिडक्या उघडल्या, एक क्लायंट यायचा होता.

त्यानंतरच्या सीझनला जासईकडचं एक मोठं घर आमच्याकडे आलं. कंटेनरच्या गोदामांना जमीन देऊन वर आलेले लोक. त्यांना सगळं सिनेमासारखं हवं होतं आणि त्यात दहा मिनिटं "आपलं पारंपरिक". नवऱ्यामुलाची बहीण म्हणाली, "ती जीभवाली आते तुमच्याच चॅनलवर आहे ना? तिलाच आणा." मी आणली. मला वाटलं, चला, तिचंही मन राहील. एवढं मोठं घर, एवढा मोठा मांडव.

आते हिरवं लुगडं नेसून, नथ घालून आली. सून मागे बसली, साथीला. आते गायला लागली आणि पहिली दोन कडवी मीही ऐकत राहिले, कारण इतकी चांगली ती कित्येक वर्षांत गायली नव्हती. गावदेवीला बोलावलं, वेशीवरच्याला बोलावलं, खाडीकाठच्याला बोलावलं. आता त्या घरच्या कुळाची देवी यायची होती.

तेवढ्यात पोरं ओरडली, "आते, जीभ! जीभ दाखवा!"

ती गातच राहिली. मग नवऱ्यामुलाची बहीण पुढे आली, हातात फोन. "आते, त्या शॉर्टमधलं करा ना. आमी सगळे त्यासाठीच थांबलोय." सगळा मांडव फोन वर करून उभा. आते थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

मी कॅमेरा खाली ठेवू शकले असते. एक शब्द पुरला असता, थांबा, गाणं होऊ दे. आतेच्या शब्दाला त्या मांडवात किंमत उरली नव्हती, पण माझ्या शब्दाला होती, मी पैसे घेऊन आलेली बाई होते. पण प्रकाश सुंदर पडला होता. आतेच्या तोंडावर झेंडूचा पिवळा उजेड आला होता. मी लेन्स जवळ घेतली आणि क्लायंटला करते तशी बोटाने गोल खूण केली, चालू दे, कर.

तिने केलं. ओळ अर्ध्यात सोडली, जीभ बाहेर काढली, कपाळावर हात मारला. हसली सुद्धा, अगदी तशीच. मांडव फुटला हसून. शिट्ट्या पडल्या. मग तिने पुढचं कडवं धरलं आणि त्या घरच्या देवीचं नाव घ्यायला परत मागे गेली नाही. सुनेने मागून हळूच ती ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर आतेने तिच्या गुडघ्यावर हात दाबून तिला गप्प केलं. घरातली एक म्हातारी मात्र पुटपुटत राहिली, "आमची देवी रायली, आमची देवी रायली." डीजे लागला होता, कुणाला ऐकू गेलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी आतेकडे गेले. ती पाटावरून उठत नव्हती, सून तिची पाठ चोळत होती. तिने वर बघितलं. रागावली नव्हती. कामाला आलेलं माणूस मालकिणीला विचारतं तसं तिने मला विचारलं.

"जीभ बरोबर आली ना, बाय? का परत काडू?"