सहा म्हणजे साडेसहा

सातवीनंतर मी शाळा सोडली आणि पुढं काही वर्षांनी कोकणातलं घर सोडून अमरावतीला आलो. इथं ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहतो, त्या मावशींना माझ्याबद्दल पहिल्या महिन्यात एवढंच माहीत होतं की हा गाडी चालवतो आणि याला भाकरी करता येत नाही. त्याच महिन्यात मला टायफॉइड झाला. एकवीस दिवस त्यांनी मला मुगाचं पाणी पाजलं. त्यांची मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ती रोज थर्मामीटर लावायची आणि आकडा वहीत लिहायची. या उपकाराची फेड कशानं करावी हे मला कधी सुचलं नाही. म्हणून तिची सरकारी भरतीची परीक्षा अकोल्याला लागली, तेव्हा मीच म्हणालो, "ताई, मी नेतो. मालकाला सांगून त्या दिवशीची गाडी घेतो."

भरती चार वर्षांनी निघाली होती. केंद्र अकोल्याच्या पलीकडच्या टोकाला, एका कॉलेजात. परीक्षा दहाला.

"दादा, सकाळी सहाले निघू," ती म्हणाली.

"बरं."

यापेक्षा जास्त बोलणं झालं नाही.

आता इथं मला माझ्याबद्दल एक सांगितलं पाहिजे. मी भित्रा माणूस आहे. भाडं असलं की अर्धा तास आधीच गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभा राहायचो. स्टँडवरचे ड्रायव्हर त्यावरून माझी फार मजा घ्यायचे. "कोकण्या, गिऱ्हाइकाच्या आंगोयीच्या आधी पोचतं तू. पाठ चोयून द्याले जातं का?" त्यांचा एक नियम होता, आणि तो खोटा नव्हता. गिऱ्हाईक ड्रायव्हरवर विश्वास ठेवत नाही, म्हणून अर्धा तास आधीची वेळ सांगतं. सहा म्हणलं का साडेसहा समजायचं. मी अनुभव घेतला होता. साडेपाचला जाऊन दारात उभं राहावं आणि सात वाजेपर्यंत आतून बॅगा भरण्याचे आवाज ऐकावेत. हळूहळू मलाही लाज वाटायला लागली, आणि मी त्यांच्यासारखा वागायला शिकलो.

गिऱ्हाइकाचा तो नियम मी तिला लावला.

आदल्या संध्याकाळी डिझेल भरायचं होतं. म्हटलं, सकाळी वाटेतच भरू. मालकाच्या आवारात गाडी होती, तिथंच मी झोपलो. सहा वाजून पाच मिनिटांनी फोन आला तेव्हा माझ्या तोंडात ब्रश होता.

"दादा, कुठं आहात?"

"निघालो ताई, निघालोच."

साडेसहाला दारात पोचलो. ती फाईल छातीशी धरून पायरीवर बसली होती. मावशी तिच्या मागं उभ्या. त्यांनी माझ्या हातात पोळीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "सांभायून ने बरं." पंपावर आणखी दहा मिनिटं गेली. तिनं दोनदा मोबाईल बघितला, आणि मला वाटलं, परीक्षेची धास्ती असणार.

मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा मी खुशीत होतो. रस्ता मोकळा, गाडी चांगली. दहाची परीक्षा, आम्ही साडेनऊच्या आत पोचणार. मी म्हणालोसुद्धा, "ताई, आरामात पोचू." ती म्हणाली, "गेट साडेनऊले बंद होते दादा."

मी आरशात बघितलं.

"दहाला ना परीक्षा?"

"परीक्षा दहाले. गेट साडेनऊले बंद. नंतर कोनालेच घेत नाई."

मग बोरगावच्या अलीकडं गाड्या थांबल्या. कापसाच्या गाठींचा ट्रक आडवा झाला होता. ड्रायव्हरला काही झालं नव्हतं, तो कडेला बसून पाणी पीत होता, पण गाठी सगळ्या रस्त्यावर. पोलीस एकेक गाडी मातीतून सोडत होते.

तेव्हा तिनं फाईलमधून एक कागद काढला. घड्याळाशी तो ताडून बघत होती. मागं वळून मीही बघितला. सगळ्यात वर लिहिलं होतं, गेट बंद ९.३०. त्याखाली, रस्त्यात काही झालं तर पाऊण तास, म्हणजे ८.४५ ला पोचणे. त्याखाली, अकोल्यात शिरल्यापासून केंद्रापर्यंत अर्धा तास, ८.१५. त्याखाली, अमरावती ते अकोला सव्वादोन तास. आणि तळाशी गोल करून, ६.००.

त्यात कुठंही माझ्यावरचा अविश्वास नव्हता. मी पुढं धावणाऱ्या वेळेचाच हिशेब करत आलो, इथून निघालो की तिथं केव्हा. हिनं शेवटापासून उलटं मोजत मोजत पायरीपर्यंत आणलं होतं आणि ट्रकसाठी पाऊण तास आधीच राखून ठेवला होता. त्या पाऊण तासातली चाळीस मिनिटं मी गाडी अमरावतीबाहेर पडायच्या आधीच खाल्ली होती.

ट्रकनं आमची वीस मिनिटं घेतली. फक्त वीस. नंतर मी जशी गाडी मारली तशी कधी मारली नाही. त्यातून आठ मिनिटं वाचली. केंद्रावर पोचलो तेव्हा नऊ सदतीस झाले होते.

गेटबाहेर आणखी दोन मुली रडत होत्या. ती रडली नाही. गजातून हॉलतिकीट आत धरून म्हणाली, "भाऊ, सात मिनटं फक्त."

"माह्या हाती काई नाई बाई," रखवालदार म्हणाला. "थो पाय कॅमेरा. तुमाले घेतलं त माही नोकरी जाते."

मीही गेलो, हात जोडले. म्हणालो, ट्रक पलटी झाला होता. असं म्हणताना माझी जीभ अडखळली नाही, हे मला अजून आठवतं.

परतताना तिनं घरी फोन केला. "आई, ट्रक पलटी झाला होता वं रस्त्यात. गेट बंद झालं." थोडा वेळ ऐकलं, मग म्हणाली, "नाई, दादाचा काय कसूर?"

मी गाडी चालवत राहिलो. तेवढ्यात बोलता आलं असतं.

रात्री मावशींनी ताट वाढलं. त्यात माझ्या आवडीची आमटी होती, ती मी तशीच ठेवून उठलो. दुसऱ्या दिवशीही मी गप्प. तिसऱ्या दिवशी त्या ओट्यावर तूर निवडत होत्या, तिथं जाऊन बसलो.

"मावशी, ट्रकमुळं नाही झालं ते. मी चाळीस मिनिटं उशीर केला."

त्यांनी तुरीतून खडा काढून बाजूला टाकला. "मले मालूम हाये. सहाले मीच दाराशी उभी होती ना."

"मग बोलल्या का नाहीत?"

"तू बोलशीन म्हून वाट पायली. तीन दिवस लावले तुनं."

"आणि ताईनं ट्रकचं कावून सांगितलं?" माझ्याही तोंडी इथलाच शब्द आला.

"पोरगी म्हने, आई, त्याले इथं आपल्याबिगर कोन हाये." मग सूप उचलून त्या आत गेल्या.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खोली सोड म्हणाल्या असत्या तरी मी समजलो असतो.

पाच महिन्यांनी दुसऱ्या एका खात्याची परीक्षा लागली. पुन्हा अकोलाच. मी त्याच दिवशी तिला गाठलं. "ताई, मी पाचला येऊन उभा राहतो. चारला म्हणाल तर चारला. डिझेल आदल्या दिवशीच भरतो."

"नको दादा," ती हसून म्हणाली. हसण्यात राग नव्हता. "आदल्या दिवशीच जाते. मैत्रीन राहते केंद्राजवळ. पायीच दहा मिनटं."

मी बॅग घेऊन बसस्टँडपर्यंत तरी येऊ का, असं विचारलं. या म्हणाली. बस चारची होती, आम्ही सव्वातीनला पोचलो. तिनं खिडकीजवळची जागा धरली, फाईल मांडीवर घेतली आणि बाहेर बघून म्हणाली, "दादा, तुमी जा आता. सुटाले लय वेळ हाये."

मी हो म्हणालो आणि खांबापाशी जाऊन उभा राहिलो.