अनियमित आकाराच्या दगडाचे आकारमान

१४ डिसेंबर २००६, गुरुवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. सातवीच्या वर्गात, माझ्या टेबलावर, शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात पन्नासाच्या रेघेपर्यंत पाणी होते, शेजारी दोरा बांधलेला एक काळा दगड होता, आणि मागच्या बाकावर तपासणीला आलेले अधिकारी बसले होते. शाळा बदलापुरातल्या कात्रपची. शिक्षण सेवक म्हणून माझे तिसरे आणि शेवटचे वर्ष चालू होते. त्या दिवशीचा शेरा चांगला पडला की मी कायम होणार, हे मुख्याध्यापिकाबाईंनी मला आदल्या आठवड्यात दोनदा ऐकवले होते.

फळ्यावरचे स्पष्टीकरण मी सकाळी लवकर येऊन लिहिले होते. ते अजूनही मला शब्दशः आठवते, कारण त्यात एकही चूक नव्हती. ठोकळ्याचे आकारमान लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराने मिळते. दगडाला अशी मोजण्याजोगी बाजू नसते. पण दगड पाण्यात पूर्ण बुडाला की तो स्वतःच्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारतो. मोजपात्रात त्या पाण्याला दुसरीकडे जायला वाट नसते, म्हणून पातळी चढते. शेवटच्या पातळीतून पहिली वजा केली की उरते ते दगडाचे आकारमान. दोऱ्याने दगड अलगद सोडावा, पाणी उडू देऊ नये. त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे हलवून काढावेत. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोलगट असतो. त्याचा सर्वांत खालचा भाग डोळ्याच्या समोरासमोर आणून वाचन घ्यावे.

या स्पष्टीकरणाखाली निरीक्षणाचा तक्ता होता. पहिली पातळी ५०, दुसरी ७०, आकारमान २० घनसेंटीमीटर. हेच आकडे वर्गातल्या बावन्न प्रयोगवह्यांत होते. आणि बावन्नांपैकी एकाही मुलाने तोवर मोजपात्राला हात लावलेला नव्हता.

शाळेत मोजपात्र एकच होते आणि ते कुलपात असे. फुटले तर दुसरे कधी येईल याची खात्री नसे, म्हणून मुलांनी प्रयोग लिहायचा, करायचा नाही, अशी रीत पडली होती. ती पाडणाऱ्या ज्येष्ठ सरांना मी पहिल्याच वर्षी विचारले होते, "सर, हे वीस कुठून आले?"

"माझ्या जुन्या वहीतून," ते म्हणाले होते. "सत्तरातून पन्नास गेले, वीस. हातचा नाही, भानगड नाही. तुम्ही एमएस्सीचा अभ्यास करा बाई, दगडाचा कशाला करता?"

मी हसले होते. एमएस्सीचे फॉर्म मी भरलेले होते, प्राध्यापक होण्याची घाई होती, आणि उल्हासनगरातल्या घरी परतल्यावर मिळणारा वेळ मला या शाळेवर खर्चायचा नव्हता. सरांचा जुना दगड मधल्या सुट्टीत कोणीतरी हरवला, तेव्हा मी समोरच्या नव्या इमारतीच्या खडीतून दुसरा उचलला, मोजपात्रात मावतो एवढे पाहिले आणि कपाटात ठेवला. त्याचे आकारमान मोजायला मला तीन मिनिटे लागली असती. मी वहीतले वीस तसेच सांगितले.

"एखाद्या मुलीला करू द्या," अधिकारी म्हणाले.

त्यांच्या शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिसऱ्या बाकावरच्या मुलीला बोलावले. तिचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते. ती वर्गात सर्वांत नेटकी होती आणि जानेवारीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतर्फे तिचे नाव जाणार होते. तिने दगड इतका हळू सोडला की पाण्यावर लहरही उठली नाही. दोरा दोनदा हलवला. दोन बुडबुडे वर आले. मग ती सरळ फरशीवर गुडघे टेकून बसली, डोळा पातळीला आणला, आणि पुष्कळ वेळ बघत राहिली.

"सदुसष्ट," ती म्हणाली. "म्हणजे सतरा."

"सतरा?" अधिकाऱ्यांनी समोरच्या मुलाची वही उलगडली. "इथे तर वीस आहे. काय गं, तुझा दगड आटला की काय?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणाले, "डाएटिंग करतोय, सर!"

ती हसली नाही. "सर, वहीतलं बाईंनी सांगितलेलं आहे. हे मी बघितलं."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मुख्याध्यापिकाबाईंनीही पाहिले. एक वाक्य पुरेसे होते: तिचे बरोबर आहे, वहीतला आकडा न मोजता लिहिलेला आहे. त्या वाक्यापुढे माझी तीन वर्षे होती. मी ते वाक्य मनात पूर्ण तयार केले आणि दुसरेच बोलले.

"वाचनातली चूक आहे, सर. ती गुडघ्यावर बसली, त्यामुळे डोळा पाण्याच्या पातळीखाली गेला. खालून पाहिलं की वाचन कमी येतं."

खालून पाहिले की वाचन कमी येते, हे खरेच आहे. खोटे रचतानाही मी शास्त्र चुकू दिले नाही. तिचा डोळा पातळीच्या अगदी समोर होता, हे मी हातभर अंतरावरून पाहिले होते.

"हं," अधिकारी म्हणाले. "मुलांकडून सराव करून घेत चला." आणि त्यांनी वही मिटली.

"बाई, पण..." ती उठत म्हणाली. गुडघ्यांना खडूची धूळ लागली होती.

"जागेवर बस," मी म्हणाले.

दुपारी शेरा आला: अध्यापन समाधानकारक. त्यानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी मला कार्यालयात बोलावले. "मोठ्या साहेबांपुढे उलट बोलते ती पोरगी! प्रदर्शनाला दुसरं नाव द्या. आणि सातवीच्या सगळ्या वह्या तपासून उद्या माझ्या टेबलावर. परत तपासल्या तर नोंदी एकसारख्या दिसल्या पाहिजेत."

"हो बाई," मी म्हणाले. यादीतले तिचे नाव मीच खोडले.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत मी एकटी होते. मोजपात्र घेतले. पन्नास, सदुसष्ट. दगड पुसला, त्याच्याबरोबर गेलेले थेंब ड्रॉपरने भरून काढले आणि पातळी पुन्हा पन्नासावर आणली. सदुसष्ट. तिसऱ्यांदाही सदुसष्ट. मग मीही गुडघ्यांवर बसून पाहिले. काहीच बदलले नाही.

ती दारात उभी होती. वही द्यायची राहिली होती म्हणून आली होती. तिने मोजपात्र पाहिले, फरशीवर बसलेल्या मला पाहिले.

"बाई, माझा डोळा बरोबर होता ना?"

"वही ठेव आणि घरी जा. उशीर होतोय."

तिने वही टेबलाच्या कडेला नीट ठेवली. पुन्हा त्या वर्षात तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या तासाला ती सांगितलेले लिहून घेई, अक्षर पूर्वीइतकेच सुंदर.

मी जूनमध्ये कायम झाले.

तपासणीच्या त्या संध्याकाळी एक्कावन्न वह्यांवर मी बरोबरची खूण केली, सही केली. बावन्नावी तिची होती. तिने निरीक्षणाच्या तक्त्यातला जुना आकडा एका रेघेने स्वच्छ खोडून शेजारी १७ लिहिले होते आणि कंसात 'स्वतः पाहिले' अशी नोंद केली होती. मी लाल पेन उघडले, सतरावर फुली मारली, कंसातले शब्द खोडले आणि वर लिहिले: २० घसेमी.