तिसरी चिंचोळी जागा

माझा आवाज मोठा आहे आणि रागही नाकावर असतो. मंचरच्या माझ्या सोनोग्राफी सेंटरात बाकावर बसलेल्या बायका एकमेकींना हळूच सांगतात, "मॅडम वरडतात, पण बघतात नीट." हे मी दाराआडून अनेकदा ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर ऐकून बरंही वाटायचं. नीट बघते म्हटल्यावर ओरडायचा परवाना मिळाला, असंच मी धरून चालले होते.

कांदालागवडीचे दिवस होते. त्या दिवसांत माझ्याकडे मुतखड्याच्या बायका वाढतात, आणि त्याला कारण आहे. लागवडीच्या टोळीतल्या बायका सकाळी शेतात उतरतात त्या दिवस मावळेपर्यंत पाणी पीत नाहीत. उघडं रान, आडोसा नाही, आणि शेजारच्या वाफ्यात पुरुष. लघवीला जायचं कुठे? त्यापेक्षा तहान मारलेली बरी. लघवी घट्ट होते, खडे धरतात. मी प्रत्येकीला सांगते पाणी प्या, आणि प्रत्येक जणी मान डोलावते आणि पीत नाही.

ती महाळुंगे पडवळची होती, असेल अडतीसेक वर्षांची. दोन दिवस डाव्या कुशीत कळा येत होत्या, तिथून त्या पुढे पोटाच्या कडेनं जांघेत उतरल्या होत्या. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. आमच्याकडे नियम असा की मुतखडा बघायचा तर पेशंटनं भरपूर पाणी पिऊन यायचं आणि लघवी धरून ठेवायची. आल्या आल्या आमच्या सिस्टरनं तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि बाकावर बसवलं.

नियम का आहे, ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. किडनीतून लघवी खाली पिशवीत नेणारी एक बारीक नळी असते, मूत्रवाहिनी. दोन्ही बाजूंना एकेक. वीतभराहून थोडी लांब आणि बॉलपेनातल्या रिफिलीएवढी जाड. ही नळी सगळीकडे सारखी रुंद नसते, तीन ठिकाणी चिंचोळी होते. पहिली जागा अगदी वर, किडनीचं नरसाळं संपून नळी सुरू होते तिथे. तिथून ती पाठीच्या स्नायूवरून खाली येते, आणि कमरेच्या हाडांच्या काठाशी पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी ओलांडून ओटीपोटात शिरते. ती दुसरी. मग ओटीपोटाच्या भिंतीलगत जाऊन आत वळते आणि पिशवीच्या भिंतीतून तिरकी आत घुसते. ती तिसरी, आणि तिन्हींत सगळ्यात अरुंद तीच. किडनीतून सुटलेला खडा बहुतेक वेळा या तिन्हींपैकी कुठेतरी अडकतो.

वरची जागा मला किडनीच्या आधारानं दिसते. मधली आतड्यातल्या वायूमुळे बऱ्याचदा दिसतच नाही. आणि तिसरी दिसते ती पिशवी भरलेली असली तरच. पिशवीतलं पाणी म्हणजे माझी खिडकी. पिशवी रिकामी म्हणजे खिडकी बंद.

त्या दिवशी तिचा नंबर आला तेव्हा आळे गावच्या एका ओळखीच्या डॉक्टरांच्या आई आल्या. गुडघ्यांनी अधू झालेल्या, गाडीतून आणलेल्या. त्यांना आधी घेतलं. मग त्यांच्याबरोबर आलेल्या सुनेचंही पोट बघून घेतलं, आता आल्याच आहेत तर म्हणून. मध्ये ती दारात आली. "मॅडम, लई जोरात लागलीय. धरवत नाय."

"धरा," मी म्हटलं. "सगळेच धरतात."

थोड्या वेळानं परत आली. पदराचं टोक मुठीत धरलेलं, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. "जराशी करून येऊ का? जरा जराच हुतीया."

"अहो, किती नाटकं. बसा जाऊन."

तिला आत घेतलं तेव्हा ती पिशवी रिकामी करून आली होती. पाणी पिऊन तासभरसुद्धा झाला नव्हता. मी अशी काही बोलले की सिस्टरनंही मान खाली घातली. "एवढं एक काम जमत नाही तुम्हाला? मला आता काय दिसणार आहे? स्वतःच्या हातानं नुकसान करून घेतलंत." ती टेबलावर झोपली आणि साडी खाली सरकवली.

करायचं काय असतं, ते मला पाठ होतं. परत पाणी पाजायचं, परत बसवायचं, तासाभरानं बघायचं. पण बाहेर अकरा जणी होत्या आणि माझं डोकं तापलेलं होतं. मी तशीच बघितली. डाव्या किडनीला किंचित सूज होती, नळीचा वरचा भाग जरासा फुगलेला, खडा कुठे दिसला नाही. रिपोर्टात मी लिहिलं: खडा दिसला नाही, पडून गेला असण्याची शक्यता. पिशवी रिकामी होती, खालचं टोक बघता आलं नाही, हे वाक्य मी लिहिलंच नाही. एक ओळ होती. लिहिली असती तर परत बोलावलं का नाही, हा प्रश्न माझ्यावर आला असता, म्हणून नाही लिहिली. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिची कळ चार दिवसांत बसली. आपल्याकडे कळ बसली की खडा पडला असं सगळे धरून चालतात, आणि तिच्याजवळ तर माझ्या सहीचा कागद होता. कुळथाचं कढण पिऊन ती परत लागवडीला गेली. कळ थांबली म्हणजे वाट मोकळी झाली असं नसतं. अडलेली किडनी हळूहळू दुखायची थांबते, तशी ती कामही थांबवत जाते. दुसरी किडनी चांगली असली की लघवी होत राहते आणि कुणाला काही कळत नाही.

सव्वा वर्षानं ती परत आली, कुशीत जड वाटतं म्हणून. मी तिला ओळखलं नव्हतं. बाकावर दोन्ही मुठी मांडीवर आवळून, डोळे मिटून बसली होती. आत आली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "या बारीला धरलीय मॅडम," ती म्हणाली. "पाच येळा उठावं वाटलं, पर उठले नाय."

तेव्हा आठवलं.

पोटावर प्रोब ठेवला. पिशवी भरलेली होती, खिडकी स्वच्छ. आणि पिशवीच्या मागे डाव्या बाजूला, नळी आत शिरते नेमकी त्या जागी, पांढरा ठिपका आणि त्याच्यामागे काळी सावली. तिथून वर नळी बोटासारखी जाड झालेली. वर किडनीच्या जागी पाण्याची थैली आणि तिला कागदासारखी साल. मी हात तसाच ठेवून बसले. तिसऱ्या जागी बसलेला खडा पिशवीला सारखा डिवचत राहतो. पिशवीत घोटभर असलं तरी भरल्यासारखं वाटतं, सारखी लागते, होते मात्र जरा जराशी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे येतं. ती दोनदा माझ्या दारात येऊन आपल्या तोंडानं मला खड्याचा पत्ता सांगत होती, आणि मी तिला नाटकं म्हणाले होते.

पुढचं सगळं रीतीनं झालं. सर्जननी लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून खडा काढला. पुण्याला तपासणी झाली, त्यात डावी किडनी जवळपास काहीच काम करत नाही असं आलं. खडा निघाल्यावर सुधारेल म्हणून तीन महिने वाट बघितली. सुधारली नाही. रिपोर्ट दाखवायला ती माझ्याकडे आली, कारण मी म्हटलं होतं दाखवून जा. हातातल्या कापडी पिशवीतून तिनं जुना कागदही काढला, माझ्या सहीचा, प्लास्टिकमध्ये जपून ठेवलेला.

"माझीच चूक झाली मॅडम," ती म्हणाली. "तवा तुमी सांगितलं व्हतं धरा म्हणून. म्या नाय धरली. आमचं मालक बी तेच म्हणत्यात. तासभर धरली असती तर किडनी ऱ्हायली असती."

आणि मी काय म्हणाले? "असू दे आता. दुसरी चांगली आहे, जपा तिला." एवढंच. ती नमस्कार करून गेली. मी पुढची पेशंट आत बोलावली. लाज वाटते लिहायला, पण त्या दिवशी मी जेवलेही व्यवस्थित.

नंतर मात्र जेवण जाईना. कुणी पेशंट दारात येऊन म्हणाली, "मॅडम, लागलीय," की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघायचे. तिच्या घरी काय चाललं असेल ते डोळ्यांपुढे यायचं. ती वाफ्यात वाकली की तिचा नवरा म्हणत असेल, तासभर धरवलं नाही हिला. आणि हे त्याच्या तोंडात मी घातलेलं होतं. चार महिने मी हे असंच ढकललं. मग सिस्टरला सांगून फोन केला, दोघांना बोलावलं, दुसरी किडनी बघायची आहे म्हणून.

दुसरी किडनी चांगली होती. तपासून झाल्यावर मी मालकाला आत घेतलं. उंचापुरा, टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी कागदावर किडनी काढली, पिशवी काढली, मधली नळी काढली, तीन फुल्या मारल्या. "तुमच्या शेतात ठिबक आहे ना?" मी विचारलं. "कचरा कुठे अडतो?"

"जोडापाशी," तो म्हणाला. "नायतर तोंडाशी."

"हिचा तोंडाशी अडला होता. इथं." मी तिसऱ्या फुलीवर पेन टेकवलं. "इथं खडा बसला की माणसाला लघवी धरणं फार अवघड जातं. ही त्या दिवशी मला तेच सांगत होती. खडा होता म्हणून तिला धरवत नव्हतं. मी ऐकलं नाही. रिकाम्या पिशवीनं बघितलं, नीट दिसलं नव्हतं, आणि खडा नाही म्हणून लिहून दिलं. तासाभरानं परत बघितलं असतं तर तेव्हाच सापडला असता."

तो कागदाकडे बघत राहिला. "म्हंजी चूक तिची नाय?"

"नाही. माझी."

बाहेरच्या बाकावरची कुजबूज थांबली होती. माझा आवाज मोठा आहे, दार उघडं होतं. तो काहीतरी बोलेल, ओरडेल, म्हणून मी तयार होते. मला ते हवंही होतं. त्यानं बायकोकडे बघितलं, टोपी डोक्यावर घातली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

ती टेबलाच्या कडेवर बसली होती. पोटावरचं जेल पुसायचं राहिलं होतं. मी टॉवेल दिला. आता ती काय म्हणते म्हणून मी खाली बघत थांबले. तिनं पोट पुसलं, साडी नीट केली, टॉवेलाची घडी करून टेबलावर ठेवली. मग दाराकडे बघून खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मगाधरनं लागलीय. आता जाऊ का?"