जनाच्या धवल्यावरचा दावा

कुंभिवलीच्या नाक्यावर, टायरच्या दुकानाला लागून, वनिताचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं आपलं. दहा बाय बाराचा गाळा, एक कॉम्प्युटर, दोन कॅमेरे आणि मागच्या भिंतीला निळा पडदा. बाई होऊन हळदीत कॅमेरा खांद्यावर घेते म्हणून सुरुवातीला लोक हसले. मग बायाच तिला बोलवायला लागल्या. घाणा भरताना, चुडा भरताना पुरुष कॅमेरावाला मध्ये नको असायचा. नवरा टेंपोच्या अपघातात गेला त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून हा कॅमेराच तिचं घर ओढत होता.

तिची आई जना धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भट नंतर, आधी धवलारीण. ती गाते तेव्हा देवांना, पितरांना, कुळातल्या गेलेल्या-राहिलेल्यांना नावानं बोलावणं जातं. आणि एकदा धवला, म्हणजे हे लग्नातलं गाणं, धरला की तो शेवटाला नेल्याशिवाय सोडायचा नाही. पाऊस येवो, लाईट जावो, मांडवात भांडण होवो. बोलावलेल्याला अर्ध्या वाटेवर उभं करून ठेवायचं नसतं, असं जना सांगायची. वनिता लहान असताना एका लग्नात जनाला ताप भरला होता, तरी हिनं पाऊण तास धवला नेला आणि मगच घोंगडीवर आडवी झाली.

आता जनाला बोलता येत नव्हतं. घशात गाठ निघाली, टाटात ऑपरेशन झालं, आवाजाची पेटीच काढली. मानेला पुढं भोक, त्यावर सुती रुमाल. गिळायला जड जायचं, म्हणून डब्यातली पावडर दुधात कालवून द्यायची. तो डबा साडेसहाशेचा, आणि जेमतेम पाच दिवस जायचा.

हा डबा यायचा एका व्हिडिओतून.

ऑपरेशनच्या दोन महिने आधी साजगावच्या हर्षलाची हळद होती. जनाचा तो शेवटचा धवला. वनितानं तो तोडमोड न करता आख्खा, एकवीस मिनिटांचा, आपल्या चॅनलवर चढवला आणि खाली लिहिलं, 'धवलारीण जना, हर्षलाची हळद'. चॅनलला जाहिरातींचे पैसे सुरू झालेले होते, पण इतर व्हिडिओ दोन-चार हजारांवर अडकायचे. हा चढला. मस्कत, शारजा, कुवेत, लंडन. रायगडातली माणसं जिथं जिथं पोटासाठी गेली तिथं तिथं वाजायला लागला. तिकडच्या बघण्याला जाहिरातवाले जास्त मोजतात. महिन्याला सहा-सात हजार येऊ लागले.

वनितानं आईला मोबाईलवर दाखवलं होतं, "ही बघ, धवल्याच्या आधी साबणाची जाहिरात लागली ना? म्हंजी तुझं पैसं आलं. तुझ्याच गळ्यानं तुला पोसलंय गं आये."

जना त्यावर तोंडभर हसली होती, आवाजाशिवाय. त्या दिवसापासून ती पावडरचं दूध न कुरकुरता प्यायची. आधी पेला हातानं मागं सारायची. लेकीच्या जिवावर बसून खायचं तिच्या जिवावर यायचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात यूट्यूबचा मेल आला. ऐन लग्नसराई, वनिताच्या हातात एकामागून एक हळदी. तिनं वरवर वाचलं. कॉपीराइटचा दावा, स्ट्राइक नाही, चॅनलवर परिणाम नाही. असले दावे हळदीच्या व्हिडिओंवर पडतच असतात. बघू नंतर, म्हणून तिनं मेल सोडून दिला.

दहाव्या दिवशी मस्कतहून हर्षलाचा फोन आला.

"वनिताताई, व्हिडिओ काढलास का गं? इथं लागतच नाय. या देशात उपलब्ध नाय म्हनतंय. सासूबायला दाखवाया गेले तं काळी पाटी."

"काढीन कशाला? इथं चाललाय की."

"तिकडं चालत आसंल. माज्या भावजयीचा भाव शारजात हाय, त्येलापन दिसत नाय."

वनितानं कॉम्प्युटर उघडला. व्हिडिओ जागेवर होता, शोधलं की पूर्वीसारखाच वर येत होता, आकडा चढत होता. फक्त कमाईच्या जागी दहा दिवस शून्य. तिनं कर्जतच्या योगेंद्रला बोलावलं. तो तिच्या मावशीचा मुलगा, चॅनलांची कामं करायचा, आणि तिला अजून 'वने' म्हणायचा.

त्यानं दावा उघडून वाचला. "वने, तेरा मिनिट चाळीस सेकंदापासून पंधरा पंचावन्नपर्यंत. तिथं काय वाजतंय?"

वनिताला बघायची गरज नव्हती. जनानं धवला धरलेला असताना नवऱ्याकडच्या पोरांनी पलीकडे डीजे लावला होता. तेच ते गाणं, सगळ्या हळदींत वाजणारं, ढोलावर चढवलेल्या धवल्याचं. थांबवायचं तर डीजेनं थांबवायला हवं होतं. जना कशाला थांबते? ती तशीच गात राहिली.

"त्या गान्यात आवाज कुनाचा हाय, ठाव हाय ना तुला?" योगेंद्रनं विचारलं.

ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी एक माणूस चार धवलारणींना टेंपोतून पनवेलला घेऊन गेला होता. दिवसभर गाऊन घेतलं, प्रत्येकीला साडी आणि आठशे रुपये दिले. बाकी तिघींनी कागदावर अंगठे उठवले. जना नुकतीच साक्षरतेच्या वर्गात नाव लिहायला शिकली होती. तिनं झोकात सही केली, आणि घरी येऊन त्या सहीचंच कौतुक चार दिवस सांगितलं. पुढं त्यातल्या जनाच्या रेकॉर्डिंगवर ढोल चढले.

"म्हंजी माज्या आयच्या व्हिडिओवर माज्या आयच्याच आवाजाचा दावा?"

"आवाज मावशीचा, रेकॉर्डिंग कंपनीचं. आता नीट आयक. हितं इंडियात कंपनीनं व्हिडिओ चालू ठेवलाय. जाहिराती लागतील, पन पैसं त्येंला. भाईरच्या देशांतला हक दुसऱ्याच कुनाला इकलेला दिसतोय, आनि त्यानं सरळ बंद ठेवलाय. ओमान, शारजा, कुवेत, इंग्लंड. जिथून तुला पैसं येत व्हतं ना, नेमकं तिथंच."

"आनि मी हरकत घेतली तं?"

"पाच दिसांत घेतली आसती तं पयल्या दिसापासूनची कमाई बाजूला धरून ठेवली आसती. आता धा दिस गेलं. आज घेतलीस तं आजपासूनची धरतील, मागली गेली. लगीनसराईत डोळं फुटलं व्हतं काय गं तुजं?"

वनितानं कीबोर्ड पुढ्यात ओढला. त्याच दिवशी तिनं हरकत भरली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, हा माझ्या आईचा आवाज आहे, धवला पिढीजात आहे, कुणाच्या मालकीचा नाही. कंपनीला उत्तराला तीस दिवस होते. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं: दावा कायम. धवला कुणाचा, हा वादच नव्हता. मागं वाजणारं रेकॉर्डिंग त्यांचं होतं, आणि ते खरं होतं. तेवढ्या दिवसांची बाजूला धरलेली कमाईही आता त्यांच्याकडेच जाणार होती.

"अपील करता येतं," योगेंद्र म्हणाला. "पन कंपनीनं मग व्हिडिओच उतरवायला लावला तं तो स्ट्राइक. तुज्यावर दोन हायेत."

दोन होते. फेब्रुवारीत दोन हळदींतली गाणी वाजली तशी चढवली होती, आणि कंपन्यांनी तक्रार करून ते व्हिडिओ उतरवले होते. नव्वद दिवसांत तिसरा आला की आख्खं चॅनल जातं. सहा वर्षांचं काम, पाचशे लग्नं, आणि ते बघून येणारी गिऱ्हाइकंही.

"गानं पुसायची सोय हाय ना? ढोल काढून आवाज ठेवायची?"

तेही केलं. खासगी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवर करून बघितलं. यंत्राला कुठली जना गाण्यातली आणि कुठली मांडवातली, हे काय कळणार? दोन्ही गेल्या. उरलं ते हर्षलाच्या बांगड्या वाजल्याचं आणि कुणीतरी खोकल्याचं.

"मंग एकच," योगेंद्र म्हणाला. "तेवढा तुकडा काप. सव्वादोन मिन्टं. लिंक तीच ऱ्हाती, आकडा तोच ऱ्हातो. दावा निघंल, मस्कतला दिसंल, पैसं तुला चालू. एकवीसची एकोनीस झाली, कोन मोजतंय?"

त्या सव्वादोन मिनिटांत जना हर्षलाच्या गेलेल्या आज्याला, पणज्याला, आणि पाळण्यातच गेलेल्या भावाला मांडवात बोलावत होती.

वनिता घरी आली. जना ओट्यावर बसून रुमालाला टाके घालत होती. वनितानं सगळं सांगितलं नाही. दावा, सही, पैसे, यातलं काहीच नाही. फक्त म्हणाली, "आये, डीजे वाजला तिथला धवला कापावा लागतोय. नायतं हर्षलाला तिकडं दिसायचा नाय. कापू?"

जनानं सुई खाली ठेवली. लेकीकडं बघितलं. मग तिनं बोलावल्यासारखा एक हात वर नेला आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं हवा कापून दाखवली, आणि मान आडवी हलवली. एकदा नाही, तीनदा. त्यानंही समाधान झालं नाही म्हणून उठून वनिताच्या हातातला मोबाईल काढून घेतला, पदराखाली धरला आणि आत गेली.

"बरं गं बाये, नाय कापत," वनिता बाहेरून म्हणाली. "दे मोबाईल. गिऱ्हाइकाचा फोन यील."

हर्षलाला तिनं व्हिडिओची फाइल पाठवून दिली. बाकीच्या मस्कत-शारजाला कोण कुठं पाठवणार? अपील केलं नाही. दावा तसाच राहू दिला.

लग्नसराई उतरली. मे सरता सरता ती साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. दुपारी दोन ते रात्री दहा, उभ्यानं. रोज चारशे वीस. स्टुडिओचं शटर सकाळच्या दोन-तीन तासांपुरतं वर जायचं. आईला तिनं सांगितलं, साजगावात मोठ्या कंपनीचं शूटिंगचं काम मिळालंय. जनानं तिच्या सुजलेल्या पोटऱ्यांकडं बघितलं आणि कॅमेऱ्याच्या पिशवीकडं बघितलं, पण काही विचारायची तिला सोय नव्हती.

इथल्या इथं व्हिडिओ चालतच होता. कर्जतला, खालापूरला, पेणला, उरणला. जून लागला तेव्हा आकडा चार लाखांवर गेला.

रविवारी सुट्टी. वनिता दुधात पावडर कालवत होती. जनानं मोबाईलकडं बोट केलं. हे आता रोजचंच झालं होतं. वनितानं व्हिडिओ लावला. आधी जाहिरात आली, या वेळी गाडीच्या विम्याची. जनानं ती पुरी बघितली. पुढं ढकलायचं बटण आलं तर वनिताचा हात धरला. पुरी बघितली की जास्त पैसे येतात, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. जाहिरात संपली. जनानं अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, पेल्याकडं बोट दाखवलं, आणि भुवया वर केल्या. आले ना?

"आले," वनिता म्हणाली.

जनानं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि घोट घोट करत तळाशी नेला. वनिता पाठ करून चमचा धूत राहिली. मागं मोबाईलवर तेरा मिनिटं चाळीस सेकंद झाली आणि दोन जना एकदम गायला लागल्या.