मावशींच्या पत्राला आमचं उत्तर

पांढरकवड्यातल्या आमच्या किराणा दुकानात मावशी पडल्या, ते तेलाच्या डब्यांपाशी. मावशी म्हणजे घरी शिवणकाम करणाऱ्या, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मनगट मोडलं. पंधरवड्यात त्यांचं पत्र आलं, मुलाकडून लिहून घेतलेलं: फरशी तेलकट होती, दवाखान्याचा खर्च आणि बुडालेली कमाई दुकानाने भरून द्यावी.

माझं डोकं म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, लगेच पेटतं. आधी लिहायला बसलो की पाय बघून टाकायला काय झालं होतं. मग मावशींचा चेहरा आठवला. दुसऱ्या कागदावर लिहिलं, ‘चूक आमची, सगळा खर्च देतो.’

बायकोने दोन्ही कागद फाडले. दुकानाच्या विमा पॉलिसीत गिऱ्हाइकाला इजा झाली तर भरपाईची सोय होती. मात्र कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैशाचा शब्द द्यायचा नाही, अशी अट होती. ती मला म्हणाली, “तुम्ही कबूल केलं अन् कंपनीनं हात वर केले, तर मावशीले कोण देईन? आपल्यापाशी आहे काय तेवढं?”

तिने लिहिलं ते अगदी थोडं. पत्र मिळालं, तुम्हाला लवकर बरं वाटो, पत्र विमा कंपनीकडे पाठवलं आहे, त्यांचा माणूस तुमच्याशी बोलेल. या उत्तरातून जबाबदारीची कबुली किंवा नकार समजू नये. त्याच दिवशी मूळ पत्र पाकिटासकट कंपनीकडे गेलं. दुकानातल्या कॅमेऱ्याचं त्या दिवशीचं चित्रणही तिने जपून ठेवलं. त्यात आपल्याविरुद्ध काही निघालं तर, असं मी विचारलं. निघालं तर निघू दे, म्हणाली. अशा वेळी मला तिचा फार अभिमान वाटतो.

आठवड्याने मावशी स्वतःच आल्या, हात गळ्यात बांधलेला. बसल्या नाहीत. गल्ल्यासमोर उभं राहून त्यांनी बायकोला विचारलं, “तुले वाटते काय, मी खोटी बोलून राह्यली?”

‘चुकलं माय’ माझ्या ओठांवर आलंच होतं. बायको गल्ल्यामागून उठून त्यांच्याजवळ गेली.

“नाही मावशी. पण चूक कोणाची, यावर मी काही बोलत नाही. ते कंपनीले पाहू द्या. मी बोलली तर तुमचंच अडन. हात किती दुखते, ते सांगा.”

मावशी खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या: रात्री कूस बदलता येत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, वेणीसुद्धा सून घालते. बायको शेजारी बसून ऐकत राहिली. मध्येच उठून तिने मावशींची सैल झालेली वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली.