पत्त्यातलं दुसरं माणूस

शकुन, पत्रिका, भुतंखेतं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवते, घर शुक्रवार पेठेत. तरीही त्या संध्याकाळचं कोडं मला सुटलेलं नाही.

इंदू माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या धाकट्या बहिणीला, कमळला, अकलूजचे पाहुणे बघायला आले होते. इंदू म्हणाली, "पोरगी सातवी पास हाय." कमळ पाहुण्यांसमोर बसलेली, मीही तिथेच होते. "सातवी कुठली? चौथीतच शाळा सोडली, मीच शिकवत होते तिला," मी बोलून गेले. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. मग इंदूचं आणि माझं कडाक्याचं भांडण झालं. मी खरं बोलले होते, तेव्हा माफी तिनेच मागावी, हा माझा हेका. पण घास गोड लागेना.

शाळेत शिवण शिकवणाऱ्या डिसूझाबाई रेल्वेच्या चाळीत राहत. त्या चित्रांचे विलायती पत्ते बघून भविष्य सांगतात, असं ऐकलं होतं. थोडी टिंगल करायच्या बेतानेच गेले. "मैत्रिणीशी भांडले. आधी मी माफी मागू का?" एवढंच विचारलं. कमळचं, पाहुण्यांचं नावही काढलं नाही.

त्यांनी मला प्रश्न मनात धरून पत्ते पिसायला लावले, मग एक उलगडायला सांगितला. निघाली तलवारींची पंजी. एक माणूस तीन तलवारी घेऊन छद्मी हसतोय, दोन तलवारी जमिनीवर पडल्यात. दोघंजण पाठमोरी पाण्याकडे निघालीत, लांबच्याने तोंड झाकलंय. वर फाटके ढग.

"यातली तू कोण?"

"ही पाठमोरी," मी म्हणाले.

"तलवारी कुणाच्या हातात आहेत?"

मी त्या हसणाऱ्यावर बोट ठेवलं.

"तलवारी म्हणजे शब्द," त्या म्हणाल्या, "आणि पाच म्हणजे बसलेली घडी मोडणं. हा जिंकलाय, पण एकटा उरलाय. पत्ता सुलटा आलाय, म्हणजे तलवारी अजून तुझ्याच हातात आहेत. जिंकलेल्यानेच त्या आधी खाली ठेवायच्या. माफी मागताना 'पण मी खरं बोलले' म्हटलंस, की परत उचलल्यास." मग त्यांचं बोट लांबच्या माणसावर गेलं. "मैत्रीण ही जवळची. आधी या दुसरीपाशी जा. आजच जा."

'दुसरी' कुणी आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. तशीच इंदूकडे गेले. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, कमळ तळ्याच्या वाटेने जाताना दिसली, मागोमाग इंदूही.

तळ्यावर पोचले. वर फाटके ढग. इंदू पाठमोरी उभी. तिच्या पुढे, अगदी काठाशी, कमळ... दोन्ही हातांनी तोंड झाकून.

"लई हाका मारल्या," इंदू हुंदके देत होती, "ही थांबंना झालीय."

मी इंदूला ओलांडून गेले, कमळचा दंड घट्ट धरला. "चुकलं माझं, कमळ," म्हणाले, आणि पुढचे शब्द गिळले. तिने तोंडावरचे हात काढले.

"तुमी खोटं न्हाई बोलला, बाई. पन मला आत पाटवून बोलला असता, तर काय झालं असतं?"

मी दंड न सोडता तिला काठापासून मागे आणलं.

डिसूझाबाईंनी कुठून ऐकलं असेल म्हणावं, तर तळ्याकडे जायचं कमळनेही कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं की त्या म्हणतात, "पत्त्यात होतं तेवढं सांगितलं." इंदू पूर्वीसारखी घरी येते. कमळ वाटेत भेटली की हसते, थांबत मात्र नाही.